सातवीतल्या पोरीने तिसरीला शिकवायचं?

ऐरोलीची आई: शाळेत दर शनिवारी माझ्या सातवीतल्या मुलीला तिसरीच्या मुलाला वजाबाकी शिकवायला बसवतात. फी आम्ही भरायची आणि मास्तरकी पण आमच्याच पोरीने करायची? तिला काय मिळतं यातून?

वाशीकर: फुकटची वेठबिगारी. हुशार पोरांचा वेळ घालवायचा धंदा.

घणसोलीचे गुरुजी: आधी विचारा, तिची तयारी करून घेतलीय का. न सांगता बसवलेलं पोर उत्तर सांगून मोकळं होतं. आमच्याकडे तिसरीच्या एकाने ४२ – १७ = ३५ लिहिलं. सातवीचा म्हणाला, चूक, २५ लिही. त्याने लिहिलं. पुढे ६१ – ३४ आलं तर उत्तर ३३. दोनातून सात जात नाहीत म्हणून तो सातातून दोन काढत होता, ते कोणी विचारलंच नाही. म्हणून आम्ही आधी गप्प बसायला शिकवतो. पोर अडलं की मनात पाच अंक मोजायचे, मग विचारायचं 'कसं केलंस?' आणि मग काड्या. चार गठ्ठे, दोन सुट्या. एक गठ्ठा सोडला की बारा सुट्या, त्यातून सात काढ. हे गुरुजींनी एकदा करून दाखवायचं, मग सातवीच्यांनी एकमेकांवर सराव करायचा. आणि गठ्ठा का सोडायचा हे सांगताना सातवीच्यालाच पहिल्यांदा कळतं, त्याला नुसतं 'हातचा घ्यायचा' पाठ असतं. म्हणून हुशारच कशाला, गणितात मागे पडलेले बसवा.

वाशीकर: वा! कच्चे शिकवणार कच्च्यांना.

घणसोलीचे गुरुजी: तिसरीची वजाबाकी आधी त्याच्याकडून करून घ्यायची, येत नसेल तर नाही बसवायचं. एवढं साधं आहे.

कळव्याची मावशी: माझ्या भाच्याला एकच वर्ष मोठ्या पोराने 'एवढं पण येत नाही?' म्हणून सगळ्यांसमोर हिणवलं, तो जायचाच बंद झाला, तुमच्या काड्या राहूदे बाजूला.

घणसोलीचे गुरुजी: तेही खरं. एका वर्षाचं अंतर नकोच, तीन-चार वर्षं बरी. आणि शिक्षक खोलीत फिरता हवा.

ठाणेकर: शिक्षक आहे कुठे फिरायला? बीएलओ ड्युटी, मतदार यादी, सर्व्हे!!

वाशीकर: सगळीकडे बीएलओ आणू नका, खासगी शाळेची गोष्ट चाललीय.

ठाणेकर: माझी बायको मनपाच्या शाळेत आहे, घरोघर फॉर्म घेऊन फिरते, तुम्ही याल का तिच्या वर्गावर?

वाशीकर: मग शिक्षक नाहीत म्हणूनच पोरांना जुंपताय ना, तेच तर म्हणतोय मी!

घणसोलीचे गुरुजी: हे मात्र मान्य. शिक्षक वाचवायला म्हणून केलं तर बोंबच. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासला हेच चालवलं, १७९७ मध्ये त्यावर लिहिलं, पुढे इंग्लंडात ते स्वस्तात पडतं म्हणून पसरलं.

ऐरोलीची आई: बरं. येत्या शनिवारी विचारते तयारी कोण करून घेतं. परीक्षा आली की मात्र मुलगी बसणार नाही, आधीच सांगून ठेवते.

ठाणेकर: आणि बीएलओचं?