भरतीचं गणित: पाऊणपट की सव्वापट?

> तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, असं आजोबा सांगायचे. की सव्वापट? कसं ठरवायचं?

पाऊणपटच. माहीत असलेल्या दिवसावर ताडून बघा. पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर दुपारी 12 च्या सुमारास पूर्ण भरती असते, हे कुठलाही दर्यावर्दी सांगेल. 15 ची सव्वापट म्हणजे संध्याकाळचे पावणेसात, तेव्हा तर सुकती असते. पाऊणपट येते सव्वाअकरा. उरलेल्या पाऊण तासाचंही कारण आहे: 30 तिथींत चंद्र 24 तास मागे पडतो, म्हणजे तिथीला 48 मिनिटं, आणि सूत्र 45 च धरतं. म्हणून ‘पाऊण’बद्दल मी ठाम आहे, मिनिटांबद्दल नाही. तासभर मागेपुढे धराच. होडी खाडीबाहेर काढायची असेल तर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.