उत्तर: उरलेली ९० टक्के ऊर्जा जाते कुठे?

> "वरच्या पातळीवर फक्त १० टक्केच का पोचतात? बाकीची ऊर्जा नष्ट होते का?"

अन्नसाखळीत एका पातळीवरून वरच्या पातळीवर साधारण १० टक्केच ऊर्जा पोचते, असं म्हणतात; त्याबद्दलचा हा प्रश्न. बाकीची ऊर्जा नष्ट होत नाही, वाट बदलते. फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज झऱ्याचा हिशोब परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी १९५७ साली मांडला, तो बघा. दर चौरस मीटरला वर्षाकाठी शाकाहारी जिवांच्या अंगी ३,३६८ किलोकॅलरी लागल्या. त्यातल्या १,८९० त्यांच्या श्वसनातच खर्च होऊन उष्णतेच्या रूपात निघून गेल्या. उरलेल्या १,४७८ मधून मांसाहारींना मिळाल्या जेमतेम ३८३, कारण बरेच जीव शिकार न होताच मरतात आणि विघटकांकडे जातात. म्हणजे इथे मूळ ३,३६८ च्या ११ टक्के. त्याच्या वरच्या टप्प्यावर मात्र ३८३ मधल्या फक्त २१, साडेपाच टक्के! त्यामुळे १० हा आकडा ढोबळ सरासरीच समजावा.