मदत हवी आहे: ग्रामसभेचे ठराव पेस्ट केले की एआय मधलेच ठराव गाळतो

पांदणवाट (धागाकर्ता):
ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकातले 46 ठराव टाइप करून चॅटबॉटमध्ये एकदम पेस्ट केले आणि खाली विचारलं, "पांदण रस्त्याला किती रक्कम मंजूर झाली?" उत्तर आलं 2 लाख 50 हजार. हा आकडा ठराव 2 मधला, नालीचा आहे. खरं उत्तर ठराव 23 मध्ये आहे: "शेत सर्व्हे नं. 112 ते 118 कडे जाणाऱ्या रस्त्याचे मातीकाम व मुरूम, 4 लाख 60 हजार." पहिले पाच-सहा आणि शेवटचे पाच-सहा ठराव विचारले तर बरोबर सांगतो, मधलेच चुकतात. मजकूर जास्त झाला म्हणून कापला जातो का?

धुऱ्यावरचा:
कापलाच जात असन भाऊ. त्याची मर्यादा भरली का पुढचं तो वाचतच नाही. पैसेवालं व्हर्जन घ्या, मोकळे व्हा.

काळी_कसदार:
मर्यादा असते हे खरं, पण ती भरली की सहसा एक टोक जातं. इथं दोन्ही टोकं शाबूत आहेत, म्हणून मला कापाकापी वाटत नाही. तरी खात्री करून घ्या. "ठराव क्र. 23 जशाच्या तसा लिही" एवढंच विचारा आणि आलेलं मूळ मजकुराशी शब्दाशब्दाने ताडा, कारण नसलेला ठराव तो रचूनही देऊ शकतो. जुळला तर मजकूर त्याच्यापाशी आहे, फक्त तुमच्या प्रश्नावरून तो तिथं पोचला नाही. मग ठराव 23 उचलून सगळ्यात वर ठेवा आणि नव्या चॅटमध्ये तोच प्रश्न विचारा. आता बरोबर आलं तर दोष जागेचा. तरीही चुकलं तर दोष शब्दांचा: तुम्ही "पांदण" विचारताय आणि ठरावात "पांदण" हा शब्दच नाही.

एक सांगा, मजकूर पेस्ट केला की फाइल जोडली? फाइल जोडली तर काही ॲप तिचे निवडक तुकडेच मॉडेलपुढे ठेवतात. तो आजार वेगळा.

पांदणवाट:
पेस्टच केला. 23 हुबेहूब लिहून दिला. वर नेल्यावर 4 लाख 60 हजार बरोबर आलं. पण असं का होतं?

वऱ्हाडी_मास्तर:
माणसाचंही असंच असते. वीस शब्दांची यादी ऐकवा, पोरं सुरुवातीचे आन् शेवटचे सांगतात. यंत्र आपल्यासारखंच थकते म्हणायचं.

काळी_कसदार:
मास्तर, आलेख दिसायला सारखा, कारण वेगळं. माणसाला यादी संपल्यावर अर्धा मिनिट आकडे मोजायला लावले की शेवटचे शब्द आठवण्यातला फायदा जवळपास जातो; 1966 च्या प्रयोगात हे दिसलं होतं. यंत्रासमोर सगळा मजकूर उत्तर देईपर्यंत तसाच उघडा असतो, त्यात थकणं-विसरणं नाही. प्रश्न आहे लक्ष कुठं जातं याचा.

या मॉडेलांत प्रत्येक शब्द फक्त आपल्या मागचं पाहतो. त्यामुळे पहिले शब्द पुढच्या सगळ्यांना दिसतात आणि त्यांच्याकडे वजन साचत जातं, तिथं कामाचं काही नसलं तरी. शेवटचे ठराव प्रश्नाला लागून असतात, आणि जवळच्याकडे झुकण्याची सवय बऱ्याच मॉडेलांच्या रचनेतच असते. लक्षाची एकूण बेरीज ठरलेली. मजकूर लांबला की उरलेलं वजन मधल्या ठरावांत पातळ वाटलं जातं. शिवाय मॉडेल मजकूर बारीक तुकडे पाडून वाचतं आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे तेवढाच मजकूर त्याला अधिक लांब पडतो.

2023 च्या एका अभ्यासात 20 उतारे देऊन उत्तराचा उतारा मधे ठेवला, तर तेव्हाचं एक नावाजलेलं मॉडेल उतारे अजिबात न देता जेवढं बरोबर सांगायचं त्याहूनही खाली गेलं. आताच्या मॉडेलांना नेमका शब्द शोधणं बरंच जमतं. शब्द बदलला की अजून घसरतात.

धुऱ्यावरचा:
मंग प्रश्न वर आन् खाली दोन्हीकडं लिहा, झालं काम.

काळी_कसदार:
नेमका क्रमांक शोधायचा असेल तर त्याचा खूप फायदा होतो. अर्थ लावायच्या प्रश्नाला त्याच अभ्यासात फारसा झाला नाही. म्हणून आठ-दहा ठरावांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला नवी चॅट घ्या. प्रश्न मजकुराच्या खाली असा लिहा:

```
शेतात जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याबद्दलचे (पांदण, शिव रस्ता, मातीकाम, मुरूम) ठराव शोध.
आधी ठरावाचा क्रमांक आणि मूळ वाक्य जसंच्या तसं दे, मग रक्कम.
या गठ्ठ्यात नसेल तर "नाही" लिही.
```

मूळ वाक्य आधी मागितलं की ते प्रश्नाच्या जवळ येऊन बसतं आणि रक्कम त्यावरून निघते. आलेलं प्रत्येक वाक्य Ctrl+F ने मूळ मजकुरात शोधून पाहा.

पांदणवाट:
गठ्ठे करून 23 सापडला. पण ठराव 31 ने त्याच रस्त्याची रक्कम वाढवली आहे आणि त्यात फक्त "ठराव क्र. 23 मध्ये दुरुस्ती" एवढंच लिहिलंय. त्या गठ्ठ्याला उत्तर आलं "नाही".

काळी_कसदार:
गठ्ठे केले की ही तूट येते. आधी प्रत्येक गठ्ठ्यातून चार रकान्यांचा तक्ता काढा: क्रमांक, विषय, रक्कम, कोणत्या ठरावाचा उल्लेख. मग फक्त तक्ते एकत्र पेस्ट करून प्रश्न विचारा. मजकूर इतका आटला की मधला भाग फारसा उरत नाही.

वऱ्हाडी_मास्तर:
आन् 31 मध्ये "मागील ठरावानुसार" एवढंच असतं, क्रमांक नसता, तर?

काळी_कसदार:
तर तक्त्यालाही ते कळणार नाही. "मागील" शब्द असलेले ठराव Ctrl+F ने काढून हातानेच जोडावे लागतील.