मदत हवी आहे: वरच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ

मुलगा 15 महिन्यांचा आहे. वर चार, खाली दोन दात आहेत. पहिला दात आल्यापासून ओल्या सुती फडक्याने पुसायचो. परवा त्याला मांडीवर आडवा घेऊन वरचा ओठ उचलला, तर पुढच्या दोन दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली. पुसली तरी जात नाही. खालचे दात स्वच्छ आहेत.

रात्री तो बाटलीतलं साखर घातलेलं दूध पीतच झोपायचा, हे कारण असणार. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या दातांपाशी साचून राहतं. साखर लगेच बंद केली. बाटलीत नुसतं पाणी दिलं, तर दोन रात्री तासभर रडला. आता दुधात रोज थोडं पाणी वाढवतोय. मऊ ब्रशने दोनदा, तांदळाच्या दाण्याएवढी 1000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट लावतो. त्याला थुंकता येत नाही.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो, घरी बोअरचं पाणी आहे. तपासणीत फ्लोराइड लिटरला 2 मिलिग्रॅम निघालं, म्हणजे 1.5 च्या मर्यादेपेक्षा जास्त. मुलांच्या दातांचे डॉक्टर गाठायला दोन आठवडे लागतील.

तोवर हीच पेस्ट चालू ठेवावी, की असं पाणी पोटात जात असताना बिनफ्लोराइडची घ्यावी?