बरण्या उकळूनही लोणच्याला बुरशी आली, ओव्हन वापरू का?

मेधा_पुणे:
मदत हवी आहे. काचेच्या चार बरण्या पातेल्यात १० मिनिटं उकळल्या, चिमट्याने काढून धुतलेल्या पंचावर पालथ्या घातल्या. तासाभराने दोघींत कैरीचं लोणचं भरलं. आठ दिवसांत एकीत वरच्या फोडींवर, खांद्याला लागून, पांढरी बुरशी धरली. तिसरी बरणी गरम स्ट्रॉबेरी जॅम ओतताच तळाशी टक्कन तडकली. आता ओटीजीत तापवू का? किती तापमानाला, किती वेळ?

सुगरण_नाशिक:
मी २०० डिग्रीवर झाकणांसकट अर्धा तास ठेवते. जितकं गरम तितकं चांगलं. लोणच्याची बरणी मात्र ठणठणीत कोरडी हवी.

आरवची_आई:
बाळाच्या दुधाच्या बाटल्याही अशाच ओव्हनमध्ये ठेवता येतील का? आमच्या प्लास्टिकच्या आहेत.

रानमेवा_वाई:
आरवची आई, प्लास्टिक ओव्हनमध्ये नको, वितळेल.

मेधाताई, पालथ्या गरम बरणीत वाफ कोंडते आणि गार होताना खांद्याशी थेंब धरतात. तुमची बुरशी तिथेच आली आहे. उकळलेली बरणी उभी ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. उकळताना बरणी पूर्ण बुडालेली हवी आणि पाण्याला खळखळून उकळी आली की मग वेळ मोजा. १० मिनिटं समुद्रसपाटीजवळ पुरतात. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून दर ३०० मीटरला एक मिनिट वाढवायचं. पुण्यात ११, महाबळेश्वरला १४ धरा.

ओव्हनसाठी २०० नको. साबणाच्या गरम पाण्याने धुतलेल्या बरण्या ओल्याच, उभ्या, एकमेकींना न टेकवता गार ओव्हनमध्ये ठेवा. १४० डिग्री झाल्यावर १५ मिनिटं. झाकणाच्या आतलं अस्तर ओव्हनमध्ये खराब होतं, झाकणं वेगळी उकळून नीट वाळवा.

जॅम उतरवताना १०४-१०५ डिग्रीला असतो, गार काचेला तो सोसत नाही. बरणी ओव्हनमधून काढल्या काढल्या लाकडी पाटावर ठेवून जॅम भरा, गार ओट्यावर नको. लोणच्याचं उलट: बरणी पूर्ण गार झाल्यावरच.

कोकणी_माणूस:
आमच्याकडे चिनी मातीची बरणी उन्हात तापवून हिंगाची धुरी देतात. वर्षभर टिकतं.

रानमेवा_वाई:
धुरी मीही देते, पण ती उकळण्याऐवजी चालेल असं म्हणणार नाही. मेधाताई, दुसरी बरणी चांगली राहिली ना? दोन्हींत तेल फोडींच्या वर होतं का?

मेधा_पुणे:
आत्ताच पाहिलं. चांगल्या बरणीत तेल बोटभर वर आहे. बुरशीच्या बरणीत वरच्या फोडी उघड्या होत्या. दोन्ही पालथ्याच वाळवलेल्या.

रानमेवा_वाई:
मग थेंब की उघड्या फोडी, सांगणं कठीण. ते लोणचं टाकून द्या, वरचं काढून उरलेलं खाऊ नका. पुढच्या वेळी तेल गरम करून पूर्ण गार झाल्यावर फोडी बुडेपर्यंत ओता.

मेधा_पुणे:
टाकलं. उरलेल्या बरणीला उद्या ओव्हनमध्ये १४० वर १५ मिनिटं ठेवते. पण माझ्या ओटीजीचा काटा जुना आहे, १४० म्हणजे खरंच १४० आहे हे कसं कळेल?