उत्तर: प्रिंटमध्ये निळा काळपट येतो

> स्क्रीनवर निळा अगदी मूळ चित्रासारखा दिसतो, प्रिंटमध्ये मात्र काळपट येतो. प्रिंटर बदलू का?

इतक्यात नको. आधी स्क्रीनचा उजेड बघा. तो बहुधा फार जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे फाइल मुळातच गडद असली तरी लक्षात येत नाही. उजेड कमी करून, छापणाऱ्याकडून ज्या कागदावर छापायचं त्याचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल, घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कसा दिसेल याची स्क्रीनवरची झलक, बघा. तिथेही निळा मंदावला, तर मर्यादा कागद आणि शाईची आहे. मॅट कागदावर गडद, तेजस्वी निळा ग्लॉसीइतका खुलत नाही. अशा वेळी निळा ओढूनताणून वाढवण्यापेक्षा आजूबाजूच्या छटा किंचित उजळ करा, तोच निळा जिवंत वाटतो.

पूर्ण आकारात छापण्याआधी चित्रातल्या सर्वांत गडद भागाची लहान पट्टी त्याच कागदावर काढा, दिवसभर वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी धरा. पसंत पडलेली पट्टी सही करून जपा. मर्यादित आवृत्तीच्या 50 प्रती टप्प्याटप्प्याने छापणार असाल, तर पुढची प्रत्येक खेप तिच्याशीच ताडायची.

मॅटवर घासल्याचे डाग चटकन पडतात, म्हणून नळीत घालण्यासाठी प्रिंट गुंडाळताना आम्लमुक्त पातळ कागद मध्ये घाला. नळी किमान 3 इंच व्यासाची हवी, अरुंद नळीतला जाड कागद नंतर सरळ होत नाही.