मदत हवी आहे: 'भागांत नसलेला गुण' याचं उदाहरण म्हणून परीक्षानळीतलं घड्याळ चालेल का?

उत्तररात्र
नमस्कार मंडळी. अभ्यासगटासाठी इमर्जन्सवर, म्हणजे सुट्या भागांत नसलेला गुण पूर्ण रचनेत दिसण्यावर, टिपण लिहायचं आहे. पाण्याचा ओलेपणा आणि मुंग्यांचं वारूळ ही नेहमीची उदाहरणं नको आहेत. 'हा गुण भागांत नाही' असं त्यांबद्दल म्हटलं जातं, पण ते तपासायचं कसं हे कोणी सांगत नाही. म्हणून सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंतलं दिवसाचं घड्याळ घेतलं.

2005 साली नागोया विद्यापीठात ताकाओ कोंदो यांच्या गटाने काइ-ए, काइ-बी आणि काइ-सी ही तीन शुद्ध प्रथिनं आणि ऊर्जा पुरवणारा रेणू एटीपी एका नळीत एकत्र केली. पेशी नाही, डीएनए नाही. तरी काइ-सीवरचे फॉस्फेट साधारण 24 तासांच्या लयीत चढत-उतरत राहिले आणि हे काही दिवस चाललं.

अडचण अशी. 30 अंशांना एकट्या काइ-सीवरचे फॉस्फेट नुसते उतरतात. त्यात काइ-ए घातलं तर चढतात आणि चढलेलेच राहतात. काइ-ए न घालता काइ-बी घातलं तर पुन्हा उतरतात. लय फक्त तिघं एकत्र असतानाच. मग हा गुण भागांवरून सांगता येत नाही म्हणायचं का? आणि सांगता येत असेल, तर इमर्जन्स म्हणण्यात अर्थ काय उरतो? हाच युक्तिवाद मनाला लावता येईल का, हेही टिपणात घ्यायचं आहे.

सरळरेषा
यात गूढ काही नाही. घड्याळ काइ-सीच्या रेणूतच आहे. काइ-सी एटीपी फार सावकाश फोडतं, दिवसाला एका रेणूमागे साधारण 15. उत्परिवर्तित काइ-सी घेतलं की ज्याचा हा वेग जास्त त्याचा आवर्तनकाळ, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, कमी, असं मोजलेलं आहे. तापमान वाढलं तरी हा वेग फारसा बदलत नाही, म्हणून घड्याळही बिघडत नाही. म्हणजे सगळं एका भागाच्या गुणधर्मावर आलं. बाकी दोघं मदतनीस. टिपणात सरळ लिहा की रिडक्शन, म्हणजे पूर्णाचं स्पष्टीकरण भागांवरून देणं, जिंकलं.

धागेदोरे
सरळरेषा, आवर्तनकाळाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण उत्तररात्र यांचा प्रश्न लयीचा आहे, आणि ती निराळी गोष्ट.

काइ-सीचे रेणू सहा-सहाच्या गटांत, म्हणजे षट्कांत, राहतात. नळीतल्या एका मायक्रोलिटरात अशी सुमारे 34 हजार कोटी षट्कं असतात. प्रत्येकाचा वेग सारखा असला तरी प्रत्येक प्रक्रिया यदृच्छेने थोडी पुढे-मागे होते. एकमेकांची खबर नसेल तर काही फेऱ्यांत निम्मी चढतीला, निम्मी उतरतीला असतील आणि नळीतलं सरासरी फॉस्फेट सपाट रेषेवर येईल. प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर तुम्ही ही सरासरीच बघता. म्हणून 'नळीत लय आहे' याचा अर्थ 'सगळे एका पावलावर आहेत' असा होतो, आणि पाऊल जुळणं हा एका रेणूचा गुण असूच शकत नाही.

आता ते जुळतं कसं ते बघा. काइ-सीवर फॉस्फेटच्या दोन जागा आहेत, थ्रिओनिन 432 आणि सेरीन 431. आधी थ्रिओनिन भरते, मग सेरीन. उतरताना थ्रिओनिन आधी मोकळी होते. त्यामुळे उतरतीला एक टप्पा असा येतो की फक्त सेरीन भरलेली असते. त्या टप्प्यातलं काइ-सी काइ-बीला धरतं आणि ती जोडी काइ-एला अडकवून ठेवते. काइ-एशिवाय तर चढती नाही! म्हणजे मागे रेंगाळलेले रेणू काइ-ए दाबून बसतात आणि पुढे पळालेल्यांना थांबावं लागतं. शेवटचे मोकळे झाले की काइ-ए सुटतं आणि सगळे मिळून चढायला लागतात. वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या नळ्या एकत्र ओतल्या तर मिश्रण लवकरच एका तालावर येतं, आणि चढतीवाल्यांना उतरतीवाल्यांच्या मागे जावं लागतं. हा प्रयोग झालेला आहे. काइ-ए दाबून ठेवण्याची गोष्ट खरी असेल तर असंच व्हायला हवं. षट्कांमध्ये सुट्या रेणूंची अदलाबदलही होते, तिचाही जुळवणीत वाटा आहे.

उत्तररात्र
म्हणजे लय समूहाची आहे, तरीही तिचं स्पष्टीकरण भागांवरून देता येतं. असंच ना?

धागेदोरे
हो, फक्त 'भागांवरून' म्हणजे कशावरून हे टिपणात आधी पक्कं करा. निम्मे वाद तिथेच होतात. तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांनी 1925 मध्ये लावलेली कसोटी साधारण अशी: घटक सुटे असताना आणि इतर जुळण्यांत असताना कसे वागतात याचं संपूर्ण ज्ञान असूनही या पूर्ण रचनेचं वागणं काढता येत नसेल, तर तो गुण इमर्जंट. 'सुट्या भागात दिसत नाही' एवढ्यावर ते थांबत नाहीत. इतर जुळण्यांतली माहिती वापरायला त्यांची हरकत नाही.

ही कसोटी तुमच्या नळीला लावता येते. एकटं काइ-सी आणि काइ-सी–काइ-ए यांचे वेग स्वतंत्र मोजायचे, मग ते समीकरणात घालून तिघांची लय निघते का ते बघायचं. 2007 मध्ये हे केलं गेलं आणि लय निघाली. फक्त काइ-ए अडकवण्याची पायरी त्यात सोपी करून घेतली होती, तेव्हा 'शंभर टक्के सुट्या भागांवरून' असं लिहू नका.

स्वतः मोजणार असाल तर नमुने निदान दर 4 तासांनी घ्या. फॉस्फेट असलेलं काइ-सी जेलवर मागे राहतं आणि वरच्या पट्ट्यात दिसतं. दर 12 तासांनी घेतले आणि वेळा नेमक्या मधल्या पातळीवर पडल्या, तर उत्तम चाललेलं घड्याळही मेलेलं दिसेल.

अंशांक
माझ्याकडे वेगळीच भानगड आहे. हेच मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय. चार अवस्था: U (दोन्ही जागा मोकळ्या), T (फक्त थ्रिओनिन भरलेली), D (दोन्ही जागा भरलेल्या) आणि S (फक्त सेरीन भरलेली). काइ-सी 3.4 आणि काइ-ए 1.3 मायक्रोमोलर. एक-दोन लाटा येतात आणि मग सपाट. पायरी 0.1 तासावरून 0.001 वर आणली तरी तेच. माझ्या मते 'लय भागांत नाही' याचा हाच पुरावा आहे.

धागेदोरे
कोडमध्ये काइ-एसाठी काय लिहिलंय?

अंशांक
```
A = A_total
```

धागेदोरे
मग सपाटच होणार, पायरी कितीही बारीक करा. A स्थिर ठेवलात की चारही समीकरणं रेषीय होतात. एकेका रेणूचं गणित वेगळं सोडवून बेरीज केली काय आणि एकत्र सोडवलं काय, उत्तर एकच. अशी प्रणाली शेवटी एका पातळीवर बसते, वाटेत एखादी लाट देईल एवढंच. ही ओळ बदला:

```
A = max(0, A_total - 2*S)
```

आता प्रत्येक रेणूचा चढण्याचा वेग बाकीच्यांपैकी किती S मध्ये आहेत यावर ठरतो. तुमच्या आधीच्या कोडने भागांमधला संबंधच काढून टाकला होता, त्यामुळे तो पुरावा कशाचाच नाही. उत्तररात्र, या दोन ओळी शेजारी-शेजारी छापा. पहिलीत पूर्ण म्हणजे भागांची बेरीज, दुसरीत नाही, आणि दोन्हींत रसायनशास्त्राबाहेरचं काही नाही.

निमित्तमात्र
पण यातून जीवन कुठे समजलं? नळीतलं घड्याळ जिवंत नाही. पेशीत जे चैतन्य आहे ते या तीन प्रथिनांत नाही, हे तर तुम्हीच सिद्ध केलंत.

सरळरेषा
नळी जिवंत आहे असं कोणी म्हटलंच नाही हो. प्रश्न एका गुणाचा आहे. 'जीवन' असं एकगठ्ठा विचारलंत तर कोणत्याच प्रयोगाने उत्तर मिळणार नाही. लय, वाढ, दुरुस्ती असं एकेक विचारा.

तळटीप
निमित्तमात्र यांचा मुद्दा वेगळ्या शब्दांत घेतला तर त्यात दम आहे. S ची एकूण रक्कम ही समूहाची गोष्ट, आणि ती एकेका रेणूला 'थांब' म्हणते. हे वरून खाली जाणारं कार्यकारण नाही का?

धागेदोरे
दिसतं तसं. पण एका रेणूच्या दृष्टीने बघा. त्याला एकूण S कळत नाही. त्याच्या आसपास मोकळं काइ-ए धडकतं किंवा धडकत नाही, बस. इथे तत्त्वज्ञ जेग्वॉन किम यांचा आक्षेप बरोबर लागू पडतो: रेणूंच्या धडकांनी परिणाम पूर्ण होत असेल, तर 'लयीने केलं' म्हणून जास्तीचं काय मिळालं? माझं मत, कारण म्हणून काही नाही, पण स्पष्टीकरण म्हणून बरंच मिळतं. मिसळलेल्या नळ्यांत कोण कोणाच्या मागे जाईल हे S वरून एका ओळीत सांगता येतं, धडकांच्या यादीवरून नाही.

तळटीप
कारण आणि स्पष्टीकरण इतकं सहज तोडता येतं हे मला मान्य नाही. S बाहेरून बदलला तर रेणू वेगळे वागतात. कारण म्हणायला आणखी काय हवं?

धागेदोरे
हस्तक्षेपाची व्याख्या घेतलीत तर तुमचं बरोबर. किम ती घेत नाहीत. हे इथे सुटणार नाही, टिपणात दोन्ही बाजू द्या.

उत्तररात्र
आणि मन? ब्रॉड यांनी रसायनाबद्दलही हेच म्हटलं होतं आणि ते चुकले. मग मनाबद्दलही चुकले असतील, असा शेवट करू का?

धागेदोरे
अर्धाच करा. घटकांच्या ज्ञानावरून संयुगाचे गुण काढता येणार नाहीत हे त्यांचं म्हणणं दोनच वर्षांत डळमळलं. 1927 मध्ये हाइटलर आणि लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या रेणूतला बंध क्वांटम यांत्रिकीतून काढून दाखवला. पण त्यांचं अमोनियाचं उदाहरण दुहेरी आहे. त्यातला वासाचा भाग असा: अचाट गणिती बुद्धीच्या देवदूताला अमोनियाची सूक्ष्म रचना कळेल, नाकात काय होईल तेही कळेल, पण तो वास कसा येतो हे वास घेतल्याशिवाय कळणार नाही. 1927 च्या गणिताने या भागाला हात लागत नाही.

नळीत जे स्पष्ट करायचं होतं ते आधीच आलेखाच्या रूपात होतं: कोणत्या वेळी किती फॉस्फेट. म्हणून यंत्रणा सापडताच प्रश्न संपला. स्मृती, लक्ष, वेदनेपासून हात मागे घेणं यांचंही तसं वर्णन करता येतं, तिथे ही पद्धत चालेल असं मला वाटतं. वेदना कशी वाटते याचा आलेख काय काढणार? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995 मध्ये 'अवघड प्रश्न' म्हणून वेगळा काढला तो हाच.

सरळरेषा
आलेख काढता येत नाही हे आजचं. 1925 ला बंधाचाही काढता येत नव्हता.

धागेदोरे
बंधाच्या बाबतीत काय मोजायचं हे तेव्हाही माहीत होतं, बंधाची ऊर्जा. इथे तेच ठरत नाही.

अंशांक
ओळ बदलली, लाटा आता थांबत नाहीत. पण A_total 8 केलं तर पुन्हा सपाट. ते का?

धागेदोरे
2*S कितीही वाढला तरी 6.8 च्या वर जाणार नाही, कारण काइ-सीच 3.4 आहे. म्हणजे A कधी शून्यावर येतच नाही आणि सगळे चढलेलेच राहतात. S मध्ये सगळं काइ-सी एकाच वेळी कधी नसतं, त्यामुळे लय 6.8 च्या बऱ्याच आधी मोडेल. 1.3 पासून थोडं थोडं वाढवत जा आणि कुठे मोडते ते इथे टाका, उत्तररात्र यांना आकृतीसाठी उपयोगी पडेल.